काकूंचा एक लाख, काकांच्या पॅनवर

मुलुंड पूर्वेचा वन बीएचके. काका-काकूंनी मिळून घेतलेला, नव्वदच्या दशकातला. काका २०१९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी मुलगा आणि मुलगी यांनी हक्कसोडपत्र करून दिलं आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावर एकट्या काकूंचं नाव लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये काकूंनी तो फ्लॅट १ कोटी ३२ लाखांना विकला आणि डोंबिवलीत मुलीच्या जवळ लहान घर घेतलं. व्यवहार सुरळीत झाला, वाद नाही, तंटा नाही. म्हणूनच जून २०२५ मध्ये विवरणपत्र भरायला त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा मीही निवांतच होतो.

करकपातीचा हिशेब साधा होता. स्थावर मालमत्ता ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीला विकली गेली, तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४-आयएप्रमाणे खरेदीदाराने एक टक्का कापून सरकारजमा करायचा. १ एप्रिल २०२२ पासून कराराची किंमत आणि मुद्रांक शुल्काचं मूल्य यांतल्या मोठ्या रकमेवर हा टक्का लागतो. इथे करारच मोठा होता, तेव्हा एकूण कपात १,३२,००० रुपये. पैसे दोन हप्त्यांत आले. नोंदणीच्या वेळी, ऑगस्टमध्ये, खरेदीदाराने पदरचे ३२ लाख दिले आणि ३२,००० कापले. सप्टेंबरमध्ये गृहकर्जाचा एक कोटीचा हप्ता निघाला, त्यातले ९९ लाख काकूंना मिळाले आणि एक लाख कर म्हणून बाजूला राहिला.

मी काकूंचा फॉर्म २६एएस, म्हणजे त्यांच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा विभागाकडचा उतारा, उघडला. त्यात ३२,००० होते. एक लाख नव्हता.

संपूर्ण रक्कम गायब असती तर काकूंनाही आधीच शंका आली असती. पण मुलाने मार्चमध्ये मोबाइलवर २६एएस बघितला होता, त्यात खरेदीदाराचं नाव आणि कलम १९४-आयए दिसलं, आणि "आलाय कर" म्हणून तो मोकळा झाला. रक्कम कोणी जुळवली नाही. अर्धवट दिसणारी नोंद ही न दिसणाऱ्या नोंदीपेक्षा जास्त फसवी असते, हे मी या धंद्यात अनेकदा पाहिलंय.

पहिला प्रश्न: खरेदीदाराने एक लाख भरलेच नाहीत, की भरले पण दुसरीकडे गेले? याचं उत्तर शोधायला कुठे जावं लागलं नाही. खरेदीदाराने नोव्हेंबरमध्येच दोन्ही फॉर्म १६बी काकूंच्या मुलाला व्हॉट्सअॅपवर पाठवले होते. १६बी म्हणजे खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायचा कपातीचा दाखला. तो ट्रेसेस या आयकर विभागाच्या टीडीएसच्या संकेतस्थळावरूनच उतरतो, हाताने बनत नाही, त्यामुळे त्यावर जे छापलं असतं तेच विभागाच्या नोंदीत असतं. दोन्ही पीडीएफ शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्यात विक्रेत्याचा पॅन काकूंचा. दुसऱ्यात रक्कम बरोबर, चलन बरोबर, पण पॅन वेगळा. काकूंनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हा तर ह्यांचा नंबर."

हे घडलं कसं, तेही नंतर कळलं. कापलेला कर जमा करताना खरेदीदाराने भरायचा फॉर्म म्हणजे २६क्यूबी. पहिला त्याने स्वतः बसून भरला होता. दुसऱ्या वेळी, ऑक्टोबरमध्ये, मुदत जवळ आली होती (ज्या महिन्यात कर कापला तो महिना संपल्यावर ३० दिवसांत फॉर्म भरायचा असतो), म्हणून त्याने ते काम एजंटच्या ऑफिसातल्या मुलाला दिलं. त्या मुलाकडे कर्जासाठी जमवलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. काकांच्या मृत्यूनंतर सोसायटीत नाव बदलताना जोडलेली त्यांच्या पॅन कार्डाची प्रतही त्यात होती. वैयक्तिक पॅनचं चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. काकूंचं पॅन लग्नानंतरच्या आडनावाने काढलेलं, त्यामुळे नवरा-बायकोच्या दोन्ही नंबरांची ही दोन अक्षरं एकच. घाईत बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटावेत. आणि फॉर्मचं म्हणाल, तर पॅन खरा असला की तो पुढे सरकतो. हा माणूस फ्लॅट विकणाराच आहे का, हे फॉर्मला कळायची सोय नाही.

इथे एक गोष्ट विक्रेत्याने मनाशी पक्की करावी लागते: ही दुरुस्ती त्याच्या हातात नाही. फॉर्म २६क्यूबी खरेदीदाराचा, त्यात बदल फक्त खरेदीदाराच्या लॉगिनमधून होतो. काकूंनी विभागाला कितीही पत्रं लिहिली असती, तरी तो एक लाख काकांच्या खात्यावरून हलला नसता.

मुलाने खरेदीदाराला फोन लावला. पोरगा सभ्य होता, पण उत्तर अपेक्षित तेच मिळालं. "दादा, मी पैसे भरलेत, चलन आहे माझ्याकडे. आता तुम्हीच तुमच्या सीएकडून बघून घ्या ना." त्याचा दोष नाही. त्याच्या दृष्टीने व्यवहार संपला होता, ईएमआय सुरू झाला होता.

मी त्याला स्वतः फोन करून एवढंच सांगितलं, की हा घोळ काकूंचा दिसत असला तरी तुमच्याही दारात येणार आहे. काकांचा पॅन आधारशी जोडलेला असण्याचा प्रश्नच नव्हता. असे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले. आणि निष्क्रिय पॅनच्या माणसाचा कर कापायचा, तर कलम २०६एएप्रमाणे दर एक टक्का राहत नाही, वीस टक्के होतो. विभागाच्या संगणकाला काकू माहीत नाहीत. त्याला एवढंच दिसतं, की एक कोटी रुपये निष्क्रिय पॅनच्या विक्रेत्याला दिले, वीस लाख कापायला हवे होते, कापला एकच लाख.

त्याला वाटलं मी घाबरवतोय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. गाझियाबादच्या वैशाली इथल्या टीडीएसच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून मेल आली होती, कलम २००एची सूचना: कमी कपात १९,००,०००, वर कलम २०१(१ए)चं व्याज. आधी त्याने ती मेल फसवणुकीची समजून उडवून दिली, मग ट्रेसेसवर तीच मागणी दिसली तेव्हा त्याला घाम फुटला. "साहेब, एकोणीस लाख? माझं डाउन पेमेंटच बत्तीस होतं."

यानंतर त्याचं सहकार्य कुठेच कमी पडलं नाही.

त्याच्या ओळखीतल्या कोणीतरी एक तोडगा सुचवला होता: काकूंच्या पॅनने नवीन २६क्यूबी भर, पुन्हा एक लाख भर, आणि जुन्याचा परतावा माग. ऐकायला सोपं वाटतं. पण नवा फॉर्म म्हणजे नवी तारीख. मुदत ३० ऑक्टोबर २०२४ ला संपलेली, जुलैच्या मध्यापर्यंत २५८ दिवस होतात, आणि कलम २३४ईप्रमाणे दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क. म्हणजे ५१,६०० रुपये, व्याज वेगळं. शिवाय जुन्या फॉर्मवरची एकोणीस लाखांची मागणी तशीच उभी राहिली असती, कारण तो चुकीचा फॉर्म दुरुस्त झालेलाच नसता. चूक वेळेवर भरलेल्या फॉर्ममध्ये असेल तर तोच फॉर्म दुरुस्त करायचा, त्याची मूळ तारीख जपायची.

दुरुस्ती आम्ही माझ्या ऑफिसात बसून केली. खरेदीदाराचं ट्रेसेसवर करदाता म्हणून खातं होतंच, १६बी उतरवायला ते लागतंच. लॉगिन केल्यावर Statements/Forms या मेनूत Request for Correction आहे. तिथे निर्धारण वर्ष, फॉर्मचा पावती क्रमांक आणि विक्रेत्याचा पॅन विचारतात. इथे बरेच लोक अडकतात, तोही अडकला. त्याने काकूंचा, म्हणजे बरोबर पॅन टाकला आणि नोंद सापडत नाही असं उत्तर आलं. या पायरीवर तोच पॅन द्यायचा जो मूळ फॉर्ममध्ये भरला होता, म्हणजे चुकीचा. संगणक आधी जुना फॉर्म शोधतो, दुरुस्ती त्यानंतरची. काकांचा पॅन टाकल्यावर विनंती क्रमांक मिळाला.

मग थांबायचं. Track Correction Request मध्ये त्या विनंतीपुढे Available असं दिसेपर्यंत काही करता येत नाही. आमच्या बाबतीत ते दुसऱ्या दिवशी दिसलं. त्यावर क्लिक केल्यावर मूळ फॉर्म उघडला, विक्रेत्याच्या पॅनच्या जागी काकूंचा पॅन घातला, बाकी एका अक्षराला हात लावला नाही. रक्कम, तारीख, पत्ता असं सगळंच एका दमात सुधारायचा मोह होतो. माझं मत असं, की जेवढं चुकलंय तेवढंच बदलावं, कारण पुढे अधिकारी प्रत्येक बदलाचा पुरावा मागणार असतो. खरेदीदाराने ऑनलाइन पडताळणी केली, पण विक्रेत्याचाच पॅन बदलत असल्यामुळे विनंती निर्धारण अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी गेली.

ही मंजुरी हाच या प्रकरणाचा खरा अवघड भाग. अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली की कागद कोणते न्यायचे ते आपोआप कळतं. त्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते. एक, फ्लॅट खरोखर नव्या पॅनच्या माणसाने विकला. दोन, ज्याच्या नावावरून जमा काढायची आहे त्याने ती आधीच वापरलेली नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची. उद्या जुन्या पॅनच्या माणसाने तोच एक लाख परतावा म्हणून घेतलेला निघाला, तर एकच रक्कम सरकारने दोनदा दिली असं होईल. जुना पॅन एखाद्या अनोळखी माणसाचा असता, एका अंकाच्या चुकीने लागलेला, तर त्याची ना-हरकत मिळवणं हे फार जिकिरीचं काम होतं. इथे जुन्या पॅनचा माणूस हयातच नव्हता. सही कोण करणार?

तेव्हा आम्ही काकांच्या बाजूने उत्तर तयार केलं. आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस मृत व्यक्तीच्या वतीने प्रतिनिधी म्हणून नोंदणी करू शकतो. मुलाने मृत्यूचा दाखला, काकांचा पॅन, स्वतःचा पॅन आणि वारसत्वाचा पुरावा जोडून ती केली. मंजुरी मिळायला काही दिवस गेले. मग काकांचं खातं त्याला दिसू लागलं, आणि तिथल्या २६एएसमध्ये तो हरवलेला एक लाख स्वच्छ दिसत होता. त्याचं प्रिंट काढलं. त्या निर्धारण वर्षासाठी काकांच्या पॅनवर एकही विवरणपत्र भरलेलं नाही, हेही त्याच खात्यातून दाखवता आलं.

ऑगस्टमध्ये खरेदीदार आणि मुलगा दोघं मिळून अधिकाऱ्याकडे गेले. बरोबर दुरुस्तीच्या विनंतीची पावती, खरेदीदाराचं ओळखपत्र आणि पॅन, नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, चलन, बँकेचा काकूंच्या खात्यात ९९ लाख गेल्याचा उतारा, मृत्यूचा दाखला, हक्कसोडपत्र, काकांच्या २६एएसचं प्रिंट, वारसांचं 'ही रक्कम आमच्या वडिलांची नाही, आम्ही तिच्यावर दावा करणार नाही' असं पत्र, आणि खरेदीदाराचा क्षतिपूर्ती बंधपत्राचा स्टॅम्प पेपर. करारनाम्यात विक्रेती म्हणून काकूंचा पॅन छापलेला होता, त्या पानावर मी पिवळी चिठ्ठी लावून दिली होती. अधिकाऱ्याने म्हणे सगळ्यात आधी तेच पान उघडलं.

एका आठवड्याने पुन्हा बोलावलं. काका मालक होते ते काकू एकट्या मालक कशा झाल्या, हा प्रश्न. विचारणं रास्तच होतं. काका हयात असताना फ्लॅट दोघांच्या नावावर होता, मग त्यांच्या वाट्याची जमा त्यांच्याच पॅनवर का नसावी, अशी शंका कोणालाही येईल. हक्कसोडपत्राची नोंदणी २०२० ची आणि विक्री २०२४ ची, ही क्रमवारी दाखवल्यावर ते मिटलं. मालकीची साखळी अर्धवट असती, वारसांपैकी एकाची सही राहिली असती, तर हे पॅनचं प्रकरण मालकीचं प्रकरण झालं असतं.

इकडे सप्टेंबर उजाडला. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली होती, आणि मंजुरी अजून यायची होती. काकूंपुढे दोन वाटा होत्या. २६एएसमध्ये दिसतात तेवढ्याच ३२,००० ची जमा घ्यायची, उरलेला एक लाख खिशातून भरायचा आणि दुरुस्ती झाल्यावर ३१ डिसेंबरच्या आत सुधारित विवरणपत्र भरून परतावा मागायचा. किंवा पूर्ण १,३२,००० ची जमा आताच मागायची आणि न जुळल्याची सूचना आली तर उत्तर द्यायचं. पहिली वाट झंझट टाळणारी आहे, आणि ज्यांना नोटीस पाहून झोप लागत नाही त्यांना मी तीच सुचवतो. काकू म्हणाल्या, "माझे एकदा कापलेत. दुसऱ्यांदा का भरू?" कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. उत्पन्नातून कर कापला गेला असेल, तर कापलेल्या रकमेपुरती त्याच माणसाकडे पुन्हा मागणी करता येत नाही, असं कलम २०५ सांगतं. आम्ही पूर्ण जमा मागितली. विवरणपत्रातल्या टीडीएसच्या तक्त्यात खरेदीदाराचा पॅन आणि दोन्ही रकमा वेगवेगळ्या ओळींत लिहिल्या.

त्या तक्त्यात 'दुसऱ्या व्यक्तीच्या पॅनवरची जमा' दाखवायचीही सोय असते. मुलगा म्हणाला, तिथे बाबांचा पॅन टाकून मोकळे होऊ. मी नको म्हटलं. ती सोय उत्पन्न खरोखर एकाच्या नावे दिसतं पण करपात्र दुसऱ्याच्या हातात असतं, अशा व्यवहारांसाठी आहे. इथे काकांचं उत्पन्नच नव्हतं, नुसता नंबर चुकला होता. तसं दाखवलं असतं तर आम्ही ऑगस्टमध्ये अधिकाऱ्याला दिलेल्या पत्राच्या नेमकं उलट बोललो असतो.

सप्टेंबरच्या शेवटी ट्रेसेसवर दुरुस्ती मंजूर झाली. ऑक्टोबरमध्ये काकूंच्या २६एएसमध्ये एक लाखाची दुसरी ओळ आली आणि काकांच्या खात्यातून ती गेली. खरेदीदाराच्या फॉर्मची प्रक्रिया पुन्हा झाली. आता समोर सक्रिय पॅन होता, त्यामुळे वीस टक्क्यांचा प्रश्नच उरला नाही आणि एकोणीस लाखांची मागणी शून्यावर आली. त्याने मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त हात जोडलेले.

गंमत अशी, की नोव्हेंबरमध्ये काकूंना कलम १४३(१)ची सूचना आलीच: एक लाखाची जमा अमान्य, मागणी १,००,०००. त्यावर आगाऊ कराचं व्याज नव्हतं, कारण साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरावाच लागत नाही. काकू चाळिशीतल्या असत्या तर वर काही हजार चढले असते.

उत्तर दोन ठिकाणी द्यायचं होतं. पोर्टलवर Response to Outstanding Demand मध्ये मागणी मान्य नाही असं नोंदवलं. इथे घाबरून 'मागणी बरोबर आहे' निवडणारे मी पाहिलेत. ते निवडलं की माघार घेणं कठीण होऊन बसतं. दुसरं, Rectification मध्ये जाऊन Tax credit mismatch correction निवडलं. आता २६एएस आणि विवरणपत्र तंतोतंत जुळत होतं, त्यामुळे लांबलचक खुलाशाची गरज नव्हती. २६एएसमध्ये जमा दिसायच्या आधीच हा अर्ज केला असता तर तो पुन्हा त्याच कारणाने परत आला असता. दुरुस्तीचा आदेश जानेवारीत आला, मागणी शून्य.

खरेदीदाराने दुसरा १६बी पुन्हा उतरवला, या वेळी काकूंच्या नावाचा, आणि जुनी पीडीएफ सगळ्यांनी मोबाइलमधून काढून टाकली. एकाच व्यवहाराचे दोन दाखले फिरत राहिले की पाच वर्षांनी कोणीतरी चुकीचा उघडतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत, पण त्याआधीच्या अशा व्यवहारांची कागदपत्रं जुन्याच आकड्यांनी बोलतात, म्हणून काकूंच्या फाइलवर मी '१९४-आयए' असंच लिहून ठेवलं.

एक काम राहिलं होतं. काकांचा पॅन इतकी वर्षं कोणी परतच केला नव्हता. अर्ज मुलाने जुलैतच लिहून आणला होता, मी तो थांबवून धरला होता. ज्या नंबरवरून एक लाख काढायचे आहेत, तो नंबर मध्येच बंद करायचा धोका मला घ्यायचा नव्हता. मागणी शून्य झाल्याचा आदेश हातात आल्यावर मृत्यूच्या दाखल्यासह तो अर्ज काकांच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे गेला. त्याआधी काकूंनी मूळ कार्ड एकदा हातात घेतलं, झेरॉक्सच्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या तीन प्रती मोजल्या आणि माझ्या टेबलावरच फाडल्या.